नुसता फोटो, खाली एक शब्द नाही: फिटिंग विचारतीय, रंग विचारतीय, का कार्यक्रमाला चालेल का ते?

प्रश्न: अक्का, मी घरीच ब्लाऊज-ड्रेस शिवायचं काम सुरू केलंय, जुळे सोलापूरला. बायका व्हॉट्सअपवर कपडे घातलेला फोटो पाठवतात आणि गप्प बसतात, खाली काही लिहितच नाहीत. फिटिंग बघ म्हणतायत, रंग मॅच होतोय का विचारतायत, का कार्यक्रमाला चालेल का विचारतायत ते कसं ओळखायचं? आणि "काय विचारायचंय?" असं उलट विचारलं तर वाईट दिसतं का?

उत्तर:

आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं सांगते कारण बाकीचं सगळं त्यावर आहे. "काय विचारायचंय?" हे विचारण्यात वाईट काही नाही गं, पण त्याचा उपयोग होत नाही. तिला शब्द सापडले असते तर तिनं फोटोखाली लिहिलेच असते की. आरशासमोर उभी राहिली, काहीतरी खटकतंय एवढं तिला कळलं, नक्की काय ते सांगता येईना, म्हणून फोटो काढला आणि तुला पाठवला. आता तू तोच प्रश्न तिच्याकडं परत ढकलला की ती लिहिते "कसं दिसतंय?" आणि तू होतीस तिथंच राहिलीस.

आणि दुसरं, त्याहून महत्त्वाचं. "छान दिसतंय ताई" हे पहिलं वाक्य लिहू नको. मनापासून छान वाटलं तरी पहिलं नको. ते लिहिलं की ती "थँक्यू" म्हणते, हात जोडल्याचं चित्र पाठवते, विषय तिथंच मिटतो, आणि जे खटकत होतं ते तसंच राहतं आणि मग कार्यक्रम झाल्यावर आपल्याला ऐकू येतं की ब्लाऊज नीट नव्हतं, हात वर होत नव्हता वगैरे. म्हणजे तिनं वेळेत विचारलेलं होतं आणि आपणच ऐकलं नाही असं होतं ते.

मी काय करते तर फोटोवरून आधी एक अंदाज बांधते आणि तो अंदाज तिला असा विचारते की तिला फक्त "हो" किंवा "नाही" म्हणता यावं. "हात वर केला की ओढतंय का?" "ओढणी उन्हात वेगळी दिसतीय का?" "दिवसाचं लग्न आहे का संध्याकाळचं?" तीनपैकी एकच विचारायचं, तिन्ही नाही. अंदाज चुकला तरी नुकसान नाही, ती लगेच म्हणते "नाही अक्का, ते बरोबर आहे, मला गळ्याचं वाटतंय", आणि तिला शब्द सापडतात.

आता अंदाज कसा बांधायचा. कपड्याकडं बघायच्या आधी फोटोकडं बघ, म्हणजे तिनं काय दाखवायला कष्ट घेतलेत ते बघ. माणूस जे विचारायचंय तेच दाखवायला धडपडतो. साडी नेसलीय पण पदर हातानं बाजूला धरलाय, किंवा थोडी तिरकी उभी राहिलीय, पाठीचा फोटो दुसऱ्या कुणाकडून काढून घेतलाय, एकाच कपड्याचे समोरून-बाजूनं-मागून असे दोन-तीन फोटो आलेत, तर नव्वद टक्के फिटिंगच आहे, कारण रंगासाठी कुणी पाठ दाखवत नाही. केस विस्कटलेले, घरातलं कपाट मागं दिसतंय, तोंड फोटोत घेतलंच नाहीये, खांद्यापासून खालीच फोटो आहे, तरी फिटिंग. याउलट ओढणी पसरून ड्रेसवर ठेवलीय, खिडकीपाशी जाऊन काढलाय, दोन ब्लाऊजपीस साडीवर शेजारी शेजारी मांडलेत, किंवा सारखीच पोज आणि दोन वेगळ्या ओढण्या, तर रंग. आणि पायात चप्पल, हातात पर्स, कानात झुमके, केसात गजरा, सगळं करून उभी आहे आणि चेहरा पण फोटोत आहे, तर ती विचारतीय की असं गेलं तर चालेल का. तिथं तू मुंढ्यातली सुरकुती सांगत बसलीस तर तिचा जीव अर्धा होतो, कारण ती निघायच्या तयारीत असते.

एक गोष्ट यात अजून बघ, फोटो कधी आलाय. तुझ्या वहीत डिलिव्हरीची तारीख आणि कार्यक्रमाची तारीख दोन्ही लिहून ठेवत जा, मी ऑर्डर घेतानाच विचारते. कपडा नेला त्याच संध्याकाळी फोटो आला तर तिनं पहिल्यांदा घालून बघितलंय, म्हणजे फिटिंग. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री आला तर तिन्हीपैकी काहीही असू शकतं, पण आधी फिटिंगचं विचारून घ्यायचं, कारण रंगाला आणि कार्यक्रमाला सकाळी पण उपाय निघतो, दुसरी ओढणी घेता येते, दुसरी साडी नेसता येते, पण शिलाईला रात्र लागते.

एक उदाहरण सविस्तर सांगते, नाव सांगत नाही. बाळीवेशीकडची एक सून, माझं नेहमीचं गिऱ्हाईक, रात्री साडेनऊला फोटो. हिरवी इरकल, लाल पदर, त्यावर मरून खणाचं ब्लाऊज मी शिवलेलं. शब्द एक नाही. आता कुणीही म्हणेल की रंगाचं विचारतीय, कारण इरकलीचा पदर लाल आणि खण मरून, लालाशेजारी मरून थोडं खटकू शकतं. पण तिनं डाव्या हातानं पदर छातीवरून बाजूला धरला होता आणि साडीचा काठ तर अर्धा फोटोबाहेर गेला होता. रंग विचारायचा असता तर पदर पसरून दाखवला असता, लपवला नसता. म्हणून मी रंगाचं नावच काढलं नाही, लिहिलं, "बगलेत ओढतंय का?" उत्तर आलं, "हो अक्का, परवा नणंदेचं डोहाळजेवण आहे, ओटी भरायची, वाढायचं, हात वर होईना."

आता इथून पुढं खरं काम. आरशातला फोटो होता, मोबाइल उजव्या हातात. मोबाइल धरलेला हात वर असतो ना, त्या बाजूचा खांदा उचलला जातो, ब्लाऊजची खालची कड त्या बाजूनं वर जाते, मुंढ्यात सुरकुत्या पडतात, त्या सगळ्या पोजच्या असतात, कपड्याच्या नाहीत. त्या बाजूवरून कधीच निर्णय घेऊ नको, दुसरी बाजू बघ. पण इथं दुसरा हात पण पदर धरून वर होता. म्हणून मी सांगितलं, घरातल्या कुणाला तरी फोटो काढायला सांग, दोन्ही हात सरळ खाली सोड, पदर काढून खांद्यावर टाक, आणि काढणाऱ्यानं सात-आठ फूट लांब उभं राहून मोबाइल छातीच्या उंचीवर धरायचा. जवळून काढला किंवा वरून काढला की छाती मोठी, कंबर बारीक असं सगळंच खोटं दिसतं. आणि एचडीमध्ये पाठव म्हणाले, नाहीतर गडद कापडाच्या सुरकुत्या व्हॉट्सअपमध्ये पुसल्यासारख्या होतात आणि मग आपण काळ्या ठिपक्यात सुरकुती शोधत बसतो.

हात खाली सोडलेला फोटो का मागितला ते नीट समजून घे, कारण "हात वर होत नाही" याची दोन कारणं असतात आणि दोन्हीचे उपाय उलटे आहेत. पहिलं कारण म्हणजे ब्लाऊज छातीत घट्ट. तेव्हा हात खाली असला तरी सुरकुत्या दिसतात, ताणलेल्या, सरळ, छातीपासून बगलेकडं जाणाऱ्या, आणि हुकपट्टीवर दोन हुकांच्या मधे फट पडते. दुसरं कारण म्हणजे मुंढा जास्त खाली कापलाय. तेव्हा हात खाली असताना ब्लाऊज एकदम गुळगुळीत दिसतं, कुठं काही नाही, आणि हात वर केला की अख्खं ब्लाऊज वर उचललं जातं, खालची कड पोटावरून सरकते. लई जणी इथं चुकतात, हात वर होत नाही म्हणजे मुंढा लहान झाला असं समजून अजून खाली खोदतात, आणि मग आणखीनच अडकतं. मुंढा बगलेच्या जितका जवळ तितका हात मोकळा, हे एकदा स्वतःच्या ब्लाऊजवर करून बघ म्हणजे पटेल.

तिच्या दुसऱ्या फोटोत हात खाली होते आणि तरी ताण दिसत होता, वरून दुसऱ्या-तिसऱ्या हुकाच्या मधे खण उघडा पडत होता. म्हणजे छाती घट्ट. हे सोपं निघालं. माझ्या ब्लाऊजला बाजूला एक इंच माया असते आणि त्यात तीन शिलाया मारलेल्या असतात पाव पाव इंचावर, बाही आधी लावून मग बाहीपासून खालपर्यंत एकच सरळ शिलाई, त्यामुळं उसवायची म्हटलं की बाहीचं वेगळं काही काढायला लागत नाही. तिला म्हणाले, ब्लाऊज उलटं कर, अंगाकडची पहिली शिलाई दोन्ही बाजूंनी बाहीच्या कडेपासून खालपर्यंत उसव, दुसरी शिलाई आहे ती राहू दे. पाव इंच पुढचा भाग, पाव इंच मागचा, अशा दोन बाजू, म्हणजे गोलात एकूण एक इंच सुटतं, आणि बाही पण तितकीच सुटते त्यामुळं मुंढ्यात बाही आणि अंग एकमेकांशी जुळूनच राहतं. कात्री नको, ब्लेड तर नकोच, सुईनं एक टाका आड एक तोडत जा म्हणाले. अर्ध्या तासात तिचा फोटो आला, दोन्ही हात वर करून.

यात एक लक्षात ठेव, असं फोनवर उसवायला सांगणं मी फक्त मी शिवलेल्या कपड्याला करते कारण आत काय आहे मला माहितीय. दुसरीकडून शिवून आणलेल्या ब्लाऊजचा फोटो आला तर आत माया आहे का, किती शिलाया आहेत, हे फोटोत दिसत नाही. मग आतली बाजू उलटी करून तिचा फोटो मागवायचा. आणि सॅटिन, टिश्यू, ऑरगँझा असल्या कापडाला उसवलेल्या जागी सुईची भोकं राहतात, खणाला आणि सुतीला पाणी शिंपडून इस्त्री केली की बरीच बुजतात. ते आधी सांगायचं.

मुंढाच खाली गेलेला निघाला असता तर मी तिला तसं स्पष्ट सांगितलं असतं की हे एका रात्रीत घरी होणार नाही, ब्लाऊज घेऊन ये. बगलेत छोटी चौकोनी कळी घालायला लागते, त्याला तेच कापड पाहिजे, म्हणून कात्रण फेकू नको, गिऱ्हाइकाच्या नावाच्या पिशवीत ठेव.

सुरकुत्यांचं एवढंच लक्षात ठेव की ताणलेली, कडक सुरकुती म्हणजे तिथं कापड कमी आहे, आणि ती सुरकुती जिथं बोट दाखवतीय तिथं अडचण आहे. मऊ, लोंबणारी घडी म्हणजे कापड जास्त आहे. कुर्तीचा साइड कट उभं राहिल्यावर त्रिकोणासारखा फाकतोय म्हणजे कंबर नाही, सीट घट्ट आहे. कुर्ती पुढून वर आणि मागून खाली दिसतीय म्हणजे छातीनं पुढचं कापड उचललंय, खालून उंची सरळ कापून ते सुटत नाही. बाकीचं बोलत बसत नाही, पुस्तकातून मिळेल.

पण काहीही झालं तरी फोटो बघून कापड कापायचं नाही. उसवणं ठीक, सैल करणं ठीक, ते परत घालता येतं. घट्ट करायचं, गळा वाढवायचा, उंची कमी करायची तर माणूस समोर पाहिजे. आणि कुठली बाजू ते तर फोटोवरून अजिबात ठरवू नको. आरशातल्या फोटोत तिचा डावा खांदा तुला फोटोच्या डावीकडं दिसतो, दुसऱ्यानं काढलेल्या फोटोत तोच डावा खांदा उजवीकडं दिसतो, आणि सेल्फी कॅमेरा काही मोबाइलमधे उलटा सेव्ह होतो, काहींमधे सुलटा. साडी असेल तर पदर बघून कळतं, आपल्याकडं पदर डाव्या खांद्यावर, पण मागून पुढं आणलेला उलटा पदर उजव्या खांद्यावर असतो त्यात फसायला होतं. सरळ विचारावं, "घड्याळाच्या हाताकडची बाजू ना?"

आता रंग. यात फोटोवर विश्वास ठेवायचाच नाही, हे पहिलं. तिचा प्रश्न रंगाचा आहे एवढं फोटोवरून ओळखायचं, उत्तर त्या फोटोवरून द्यायचं नाही. रात्री पिवळ्या बल्बखाली काढलेला असेल तर जांभळा तपकिरीकडं जातो, पांढरा क्रीम होतो, आणि मोबाइल आपल्या मनानं ते सुधारायला बघतो त्यामुळं एकाच साडीचे दोन फोटो दोन रंगांचे येतात. मी काय करते, सकाळी आठ-नऊच्या सुमारास खिडकीपाशी, थेट ऊन पडत नाही अशा जागी, साडी आणि ब्लाऊजपीस ठेवून शेजारी एक पांढरा रुमाल ठेवून फोटो काढायला सांगते. रुमाल पांढरा दिसतोय तोवर बाकीचे रंग बऱ्यापैकी खरे. रुमाल पिवळा किंवा निळसर दिसला की तो फोटो बाद. ब्युटी फिल्टर बंद करायला सांगायचं, ते चेहऱ्याबरोबर कापड पण गुळगुळीत करतं.

तरी सगळं सुटत नाही. "दुकानात मॅच होतं अक्का, घरी आल्यावर वेगळं दिसायलंय" हे तू पण ऐकलं असशील. दुकानदारानं फसवलेलं नसतं. ड्रेस सुती आणि ओढणी पॉलिस्टर जॉर्जेट, दोन्हीला रंग वेगळ्या जातीचे लागतात, ते दोन रंग दुकानातल्या एलईडीखाली एकसारखे दिसतात आणि उन्हात वेगळे. म्हणून नव्या पेठेत किंवा चाटी गल्लीत मॅचिंग घ्यायला गेलीस तर कापड हातात घेऊन दुकानाच्या पायरीवर येऊन बघ, कुणी काही म्हणत नाही, जुने दुकानदार तर स्वतःच बाहेर आणून दाखवतात. जॉर्जेट, शिफॉन तर एकपदरी धरली की फिकी आणि घडी घातली की गडद, त्यामुळं ओढणी जशी घेणार तशी घडी घालून बघायची. आणि धूप-छाँव कापड, ज्यात उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, ते प्रत्येक कोनातून वेगळं दिसतं, त्याचा फोटो पाठवून "हाच रंग आहे का" याला उत्तरच नाही. ते हातात घेऊनच.

आणि जवळजवळ मॅच असेल तर? माझं मत पक्कं आहे, जवळजवळ मॅच सगळ्यात वाईट दिसतं. एक छटा इकडं-तिकडं असली की बघणाऱ्याला वाटतं मॅचिंग करायला गेली आणि जमलं नाही. त्यापेक्षा सरळ वेगळा रंग घ्यावा. मरून साडीला मरून ब्लाऊज थोडं चुकतंय, तर काठातला मोती रंग घे, नाहीतर पोपटी घे. गिऱ्हाइकानं पीस घेऊनच ठेवलाय, परत होत नाही, तर गळ्याला आणि बाहीला काठाच्या रंगाची पायपिंग लाव, तिसरा रंग मधे आला की दोन जवळच्या छटांमधला फरक डोळ्यात भरत नाही. तिच्या नणंदेच्या डोहाळजेवणाचं ब्लाऊज म्हणाले ना वर, त्याला तेच केलेलं होतं, बाहीला बारीक हिरवी पायपिंग, म्हणून लाल पदर आणि मरून खण एकमेकांशी भांडत नव्हते. हिरवी साडी तर त्या दिवसाला शोभतेच.

तिसरा प्रश्न कार्यक्रमाचा. हा फोटोत कपड्यापेक्षा कॅलेंडरमधे जास्त असतो. काळ्या साडीचा फोटो जानेवारीत आला तर ती संक्रांतीचं हळदीकुंकू विचारतीय, नवीन सून असली तर पहिली संक्रांत, हलव्याचे दागिने त्यावर येणार आहेत, मग गळा जरा बंद बरा कारण हलव्याचा हार उघड्या मानेला टोचतो. तीच काळी साडी मे महिन्यात आली तर लग्नाला चालेल का असं विचारतीय, आणि त्याला उत्तर तुझ्या-माझ्याकडं नाही, तिच्या घरातल्या मोठ्या बाईकडं आहे. आपल्या सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू सगळी घरं शेजारी शेजारी आणि प्रत्येक घराचं वेगळं, एका घरी लग्नात काळं चालतं, दुसऱ्या घरी काळा काठ पण खपत नाही. मी सरळ म्हणते, "सासूबाईंना दाखवलं का? त्या हो म्हणाल्या तर माझ्याकडून काही अडचण नाही." हे अंग काढून घेणं नाही गं, तिला तिथं उभं राहायचंय, तुला नाही.

गड्ड्याच्या यात्रेत पण तसंच. नंदीध्वजाबरोबर चालणाऱ्यांची पांढरी बाराबंदी ठरलेली असते, पण घरातल्या बायकांचे फोटो येतात की अक्षता सोहळ्याला हे चालेल का. तिथं रंगापेक्षा मी विचारते, किती वेळ उभं राहायचंय, लहान मूल कडेवर आहे का. गर्दीत सेफ्टी पिनेवर टिकवलेला पदर आणि मागं डोरी बांधलेलं ब्लाऊज म्हणजे सारखा एक हात त्यातच.

कार्यक्रमाच्या प्रश्नाला मी दोनच गोष्टी विचारते, कुणाकडचं आहे आणि जागा कुठली. सख्ख्या भावाचं लग्न आणि ऑफिसातल्या कुणाचं लग्न यात कपडा वेगळा. आणि मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळीसच्या वर जातो, मांडवात दुपारचा मुहूर्त असेल तर वेल्वेटचं ब्लाऊज कितीही देखणं असलं तरी मी नको म्हणते, पॉलिस्टरचं अस्तर असेल तर सुती अस्तर बदलून देते. बाहेर कापड कुठलंही असू दे, अंगाला लागतं ते अस्तर. एसी हॉल असला तर काहीच बोलत नाही. पंगत खाली बसून आहे का टेबलावर ते पण विचार, खाली असेल तर घट्ट पेन्सिल कटचा घागरा किंवा फार घट्ट लेगिंग-कुर्ती बसताना त्रास देते. कुर्तीचा साइड कट सीटच्या वर गेला असेल तर खाली बसल्यावर काय होतं ते तिनं आरशासमोर एकदा बसून बघायचं, उभ्या फोटोत ते कधीच कळत नाही.

कधी कधी दोन प्रश्न एकत्र असतात, म्हणजे फोटो कार्यक्रमाचा असतो पण तुला शिलाईची चूक दिसतीय. तेव्हा तिनं जे विचारलंय त्याचं उत्तर आधी दे, "हो, लग्नाला एकदम बरोबर आहे." मग वेळ किती आहे ते बघ. दोन दिवस असतील तर सांग, "मागून थोडं सैल आहे, उद्या आणलंस तर दहा मिनिटाचं काम आहे." आणि ती रिक्षात बसायच्या बेतात असेल तर ते सांगू नको, फक्त तिथल्या तिथं होणारं सांग, पिन कुठं लावायची ते. बाकीचं नंतर कपडा हातात घेऊन सांगायचं.

बोलताना कापडाबद्दल बोल, अंगाबद्दल नको. "ब्लाऊजला एक इंच सोडायला लागेल" एवढंच. "तुम्ही जरा भरलात" हे कितीही प्रेमानं म्हटलं तरी पुढच्या वेळी ती फोटो पाठवत नाही, आणि मग आपल्याला काहीच कळत नाही. बाळंतपणानंतरच्या बायका तर या बाबतीत फार हळव्या असतात, त्यांच्या ब्लाऊजला मी आधीच माया दीड इंच ठेवते आणि "हे पुढं-मागं करता येतं" एवढंच सांगून देते.

आणि हे फोटो जपून ठेव. तिनं तुझ्यावर विश्वासानं पदर बाजूला करून पाठवलेत. मोबाइलमधे फोटो आपोआप गॅलरीत सेव्ह होणं बंद कर, घरातली पोरं मोबाइल घेतात. काम झालं की मी काढून टाकते, मापाचं जे काय आहे ते वहीत लिहून. शिवलेल्या कपड्याचा फोटो स्टेटसला लावायचा असेल तर तिला विचारून, आणि शक्यतो हँगरवर टांगून काढलेलाच लाव.